नोटिशीखालच्या ‘का?’ला उत्तर

वसतिगृहातल्या सर्व विद्यार्थिनींना आणि रहिवासी समितीच्या सभासदांना,

सोमवारी मेसच्या दाराशेजारच्या फळ्यावर मी अकरा नियमांची नोटीस लावली. बुधवारी सकाळी चहाला आले, तर चौथ्या, सातव्या आणि नवव्या नियमाखाली कोणीतरी पेन्सिलीने ‘का?’ एवढंच लिहून ठेवलं होतं. गेटवरचे काका खोडरबर घेऊन पुसायला निघाले होते, मी म्हटलं राहू द्या. चौथा नियम गेटच्या वेळेचा, सातवा पाहुण्यांचा आणि नववा ‘तक्रारी ग्रुपवर टाकू नयेत’ हा. त्याच संध्याकाळी समितीचं पत्रही आलं. त्यात हेच तीन मुद्दे होते, फक्त शब्द जास्त होते.

आधी एक कबुली देते. ती नोटीस मी लिहिलेली नाही, उतरवलेली आहे. माझ्या आधीच्या रेक्टर मॅडमच्या फाइलमध्ये जी होती, तिच्यावरचं वर्ष बदललं आणि खाली सही केली. म्हणून ‘का?’ वाचल्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. तीन दिवस विचार करून हे पत्र लिहिते आहे. जुनी नोटीस काढली आहे आणि आजपासून हे पत्रच नोटीस समजा. फळ्यावर लावते आहे, ग्रुपवर टाकते आहे आणि एक प्रत प्राचार्यांना देते आहे.

गेटच्या वेळेपासून सुरुवात करते, कारण खरा राग तिथेच आहे. आजवर साडेआठला गेट बंद व्हायचं. उशीर झाला तर पन्नास रुपये दंड, तिसऱ्यांदा झाला तर घरी फोन. समितीने पत्रात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांचा दाखला दिला आहे. सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहावर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. दाखला बरोबर आहे, मी तो काढून वाचला. २०२२मध्ये कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुली साडेनऊच्या गेटवरून केरळ उच्च न्यायालयात गेल्या होत्या, तेही वाचलं. तिथे पुढे सरकारने वेळ मुलामुलींना एकच केली आणि उशिरा येणाऱ्यांना वहीत नोंद करून आत यायची सोय ठेवली. आपल्या मुलांच्या वसतिगृहात गेटला वेळच नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. प्राचार्यांसमोर मी तो विषय काढला. आता दोन्हीकडे रात्री दहाची वेळ आणि तीच नोंदवही लागू होईल, असं ठरलं आहे. तिकडचे रेक्टर ती वही किती प्रामाणिकपणे चालवतील, याची खात्री मी देऊ शकत नाही. पण आपल्याकडे काय होईल ते सांगू शकते.

त्यासाठी मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ही माझी लाज आहे आणि आजवर फार कोणाला सांगितलेली नाही. मी दुसऱ्या एका ठिकाणी नव्यानेच रेक्टर झाले होते, तेव्हाची. रात्री नऊच्या हजेरीला एक मुलगी नव्हती. फोन वाजत होता, उचलत नव्हती. पार्टनरला विचारलं, ती म्हणाली संध्याकाळपासून पाहिली नाही. मी घाबरले आणि वीस मिनिटांत थेट तिच्या वडिलांना फोन लावला. गाव लातूर जिल्ह्यात, आडबाजूला. फोनवर मी काय बोलले ते मला आजही आठवतं, ‘तुमची मुलगी हॉस्टेलवर आलेली नाही.’ एवढंच. पाऊण तासाने मुलगी सापडली. वरच्या मजल्यावर मैत्रिणीच्या खोलीत पुस्तक छातीवर घेऊन झोपली होती. तिचा फोन तिच्या स्वतःच्या खोलीत, गादीखाली चार्जिंगला लावलेला. मी पुन्हा वडिलांना फोन केला, लागेना. ते शेजाऱ्याची जीप घेऊन निघालेही होते आणि वाटेत रेंज नव्हती. सकाळी सहाच्या आधी ते गेटवर उभे होते. अंगावर रात्रीचाच सदरा, पायात घरातली रबरी चप्पल. रागावले नाहीत. म्हणाले, ‘बाई, पोरगी एकदा दिसू द्या.’ ती खाली आली, तिला त्यांनी पाहिलं, पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता तिला घेऊन गेले. पंधरा दिवसांनी ती परत आली खरी, पण सातनंतर लायब्ररीत बसणं तिने बंद केलं. घरून तशी ताकीद होती. तिने काहीच चूक केलेली नव्हती. चूक माझ्या फोनची होती, म्हणजे फोनच्या क्रमाची.

त्या रात्रीनंतर मला कळलं की गेट बंद करणं आणि मुलगी कुठे आहे ते माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साडेआठला कुलूप लागलं होतं, मुलगी आतच होती आणि तरीही मला ती सापडत नव्हती. उलट कुलपाने एक नुकसान नक्की होतं, ते मी पुढे कित्येकदा पाहिलं. आठ चाळीसला स्वारगेटला उतरलेल्या मुलीला दंड भरायचा नसतो आणि घरी फोन गेलेला तर मुळीच नको असतो. मग ती येतच नाही. कोणाच्या तरी फ्लॅटवर रात्र काढते, पार्टनर हजेरीला तिचं नाव पुकारल्यावर ‘बाथरूममध्ये आहे’ म्हणते आणि माझ्या वहीत ती हजर असते. ज्या रात्री मला तिला खरोखर शोधावं लागेल, त्या रात्री माझी वही खोटी असेल.

म्हणून आता असं. गेटची वेळ दहा. दहानंतर गेट लागतं, पण कोणालाही परत पाठवलं जाणार नाही. बेल वाजवा, काका उघडतील, वहीत नाव आणि वेळ लिहा आणि आत या. कुठून आलीस, कोणी सोडलं, हे विचारायचा अधिकार काकांना नाही. त्यांना तसं मी समोर बसवून सांगितलं आहे. तरीही कोणी विचारलं तर मला सांगा. दंड आजपासून रद्द. पन्नास रुपये घेतले की उशीर विकत मिळतो आणि ज्यांच्याकडे पन्नास रुपये नसतात त्याच तेवढ्या अडतात. महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा न कळवता उशीर झाला तर मी बोलावून विचारेन. घरी नाही, तिलाच.

साडेअकरानंतर येणार असाल तर मात्र आधी फोन करा. याचं कारण अगदी साधं आहे. रात्री गेटवर एकच माणूस असतो. साडेअकराला तो मागच्या बाजूने फेरी मारतो, पाण्याचा पंप बंद करतो, मेसचं मागचं दार पाहतो. त्या वीस-पंचवीस मिनिटांत गेटवर कोणी नसतं आणि बेल मागे ऐकू जात नाही. बाहेर रस्त्यावरचा दिवा महिन्यातून आठ दिवस बंदच असतो. तुमचा फोन आला तर काका फेरी पुढे ढकलतील. दुसरा माणूस मिळावा म्हणून मी तीन वर्षं अर्ज करते आहे, तो मिळेपर्यंत ही अडचण राहणार.

बाहेर राहायला जाण्याच्या वहीतला एक रकाना मी काढून टाकला आहे. तो होता ‘कारण’. मागचं एक पान मी सहज मोजलं. अठ्ठावीस नोंदींपैकी एकोणीस ठिकाणी ‘वैयक्तिक काम’, सहा ठिकाणी ‘लोकल गार्डियनकडे’, दोन ठिकाणी नुसती रेघ आणि एकीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘कंटाळा’. या रकान्याने मला आजवर एकही उपयोगाची गोष्ट सांगितलेली नाही, खोटं लिहायची सवय मात्र लावली. आता तीनच गोष्टी लिहा: कुठे जाते आहे, तिथल्या कोणाचा तरी चालू असलेला फोन नंबर आणि परत केव्हा. पत्ता खरा लिहा. मी तो उघडून पाहणार नाही, पाहायची वेळ आली तरच पाहीन.

ती वेळ कशी येते तेही ठरवून टाकू, म्हणजे लातूरसारखं पुन्हा होणार नाही. दहाला वही पाहिली आणि एखादी न कळवता आलेली नसेल, तर सव्वादहाला तिला फोन आणि मेसेज. साडेदहाला पार्टनरला विचारायचं आणि त्याच वेळी त्या मजल्याच्या प्रतिनिधीने खोल्या, गच्ची, अभ्यासिका आणि बाथरूम प्रत्यक्ष पाहून यायचं. निम्म्याहून जास्त मुली इथेच सापडतात, हा माझा अनुभव. अकराला वहीत दिलेल्या नंबरवर. मग पुण्यातल्या लोकल गार्डियनला. हे सगळं झाल्यावर, बाराच्या सुमारास, घरी. आणि घरी फोन करताना तोवर काय काय पाहिलं ते सांगायचं, नुसतं ‘आलेली नाही’ नाही. नांदेडला किंवा गडचिरोलीला बसलेल्या आईबापाला रात्री साडेदहाला घाबरवून हाती काहीच लागत नाही. अर्थात मुलगी आजारी असेल, कोणी त्रास देत असल्याचं तिने कोणाला सांगितलं असेल किंवा जाताना ती मनाने बरी नव्हती असं पार्टनरला वाटत असेल, तर हा क्रम थांबत नाही, सरळ ११२ला फोन जातो आणि घरीही. असं काही माहीत असेल तर पार्टनरने ‘तिचं गुपित आहे’ म्हणून गप्प बसू नये. तेवढं एक मी हक्काने मागते आहे.

ज्यांचं वय अठरा पूर्ण नाही, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुली, त्यांना रात्री बाहेर राहायला पालकांची लेखी परवानगी लागेलच. ते मला बदलता येत नाही आणि बदलता आलं असतं तरी बदललं नसतं. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी आणि पालख्यांचा मुक्काम शहरात असेल तेव्हा वेळेचं बंधन नाही. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर हे चार रस्ते मिरवणुकीने भरले की पेठेतून बाहेर पडायलाच दोन तास लागतात. तिथे अडकलेल्या मुलीला घड्याळ दाखवण्यात अर्थ नाही. फक्त मेसेज टाकत राहा.

आता पाहुणे. यात मी तुमच्या बाजूने थोडीच येणार आहे.

वडील, भाऊ, मित्र, कोणीही पुरुष पाहुणा आला तर सकाळी आठ ते रात्री आठ खालच्या भेटीच्या खोलीत बसेल. वर नाही. सामान चढवायला-उतरवायला वडील-भाऊ वर येऊ शकतात, पण काका सोबत असतील आणि आधी मजल्यावर हाक देतील, कारण तुमच्या शेजारच्या खोलीतली मुलगी न्हाऊन टॉवेलवर बाहेर आलेली असू शकते. भेटीच्या खोलीतल्या खुर्च्या मोडक्या आहेत आणि पंखा आवाज करतो, ते पत्रातलं वाक्य मान्य. पंखा या आठवड्यात बदलते. ‘मित्र’ असा वेगळा रकाना का, असं विचारलंत. आता नाही. नाव, फोन, कोणाला भेटायला आले, येण्या-जाण्याची वेळ, बस. नातं लिहायची गरज नाही, पुण्यातले निम्मे ‘मामेभाऊ’ मला चेहऱ्याने ओळखीचे झाले आहेत.

आई, बहीण, मैत्रीण रात्री राहू शकते. एका वेळी दोन रात्री, महिन्यात चारपेक्षा जास्त नाही. दिवसाला शंभर रुपये आणि जेवायचं असेल तर मेसचं कूपन वेगळं. दोन्ही पार्टनरनी वहीत सही करायची. ही सही का, तर तीन खाटांच्या खोलीत चौथं माणूस झोपलं की दोघींच्या चालायच्या जागेत गादी पडते आणि ‘चालेल ना?’ असं तोंडावर विचारलं तर कोणीच नाही म्हणत नाही. मागच्या डिसेंबरात एकीची परीक्षा चालू असताना पार्टनरची मावशी पाच दिवस राहिली. ती मुलगी जिन्यात बसून अभ्यास करत होती. तिने तक्रार केली नाही, मला ती जिन्यातच सापडली. सही करायची नसेल तर करू नका. मी पाहुणीला ‘जागा नाही’ एवढंच सांगेन, कोणी अडवलं ते सांगणार नाही. आई दवाखान्याच्या कामासाठी आली असेल आणि दोन रात्रींत भागत नसेल, तर माझ्याकडे या. तळमजल्यावर आजारी मुलींसाठी ठेवलेली खोली बहुतेक वेळा रिकामी असते.

आणि ‘पॅरासाइट’. हा शब्द मला आवडत नाही, पण पुण्यात सगळ्या हॉस्टेलांत तोच चालतो, म्हणून वापरते. ए विंगमध्ये एक मुलगी तीन आठवडे ‘बहीण’ म्हणून राहत होती. ती बहीण नव्हती, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी होती, खोलीचं भाडं परवडत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून ते माझ्यापासून लपवलंत. का लपवलंत ते मला कळतं, तुमच्यापैकी काहींच्या मोठ्या बहिणीही अशाच राहून शिकल्या असतील. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही. रात्री आग लागली, गॅस गळाला, सगळ्यांना अंगणात काढलं, तर मी यादी हातात घेऊन डोकी मोजणार. एकशे अठ्ठ्याण्णव नावं, एकशे अठ्ठ्याण्णव डोकी, जमलं, असं म्हणून मी मोजणी थांबवणार. वर कोणी राहिली असेल तर ती माझ्या यादीत नसलेलीच असेल आणि तिला शोधायला कोणी जाणार नाही. म्हणून वहीत नसलेलं कोणीही रात्री चालणार नाही, यात सवलत नाही. मात्र अशी कोणी तुमच्याकडे आली तर लपवण्याआधी मला सांगा. त्या मुलीला मी एका ट्रस्टच्या वसतिगृहात खाट मिळवून दिली, चार दिवस लागले. ते चार दिवस ती इथेच होती, पण वहीत.

डिलिव्हरीवाले गेटपर्यंतच. रात्री अकरानंतर मागवलंत तर स्वतः खाली यावं लागेल. काका जिने चढणार नाहीत, त्यांचा गुडघा तुम्ही पाहिला आहे.

राहिला नववा नियम. ‘तक्रारी ग्रुपवर टाकू नयेत’ हे वाक्य वाचून तुम्हाला वाटलं की मला तक्रारीच नको आहेत. वाक्याची रचना तशीच होती, दोष तुमचा नाही. मला काय म्हणायचं होतं ते गरम पाण्याच्या प्रकरणावरून सांगते. ते तुम्ही सगळ्यांनी भोगलं आहे, पण मिटलं कसं ते फार थोड्यांना माहीत आहे.

जानेवारीत बी विंगला गरम पाणी येईना. ग्रुपवर दहा दिवसांत या विषयाचे एकशे चाळीसच्या वर मेसेज आले, मी नंतर मोजले. ‘पाणी नाही’, ‘आज पण थंड’, ‘मॅडम प्लीज’, रडके चेहरे, हात जोडलेले चेहरे आणि मध्येच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मी प्लंबरला बोलावलं. तो दुपारी दोनला आला, गच्चीवर सोलरची टाकी पाहिली, पाणी कडकडीत होतं. खाली दोन नळ सोडले, गरम आलं. ‘काही प्रॉब्लेम नाही मॅडम, मुली पाणी फार वापरतात’ असं म्हणून तीनशे रुपये घेऊन गेला. दोनदा असंच झालं. मीही तुम्हाला ग्रुपवर ‘पाणी जपून वापरा’ असा उपदेश केला, तो आता मागे घेते.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने वहीच्या पानावर चार ओळी लिहून माझ्या टेबलावर ठेवल्या. तिच्या परवानगीने त्यातला मजकूर सांगते. सकाळी सहा चाळीस. बी विंग, तिसरा मजला. डावीकडच्या बाथरूममध्ये दोन बादल्या वाहून घालवल्या तरी पाणी कोमट. उजवीकडच्या बाथरूममध्ये पाऊण बादलीनंतर कडक गरम. दुसऱ्या मजल्यावरही डावीकडेच कोमट. आणि शेवटची ओळ: गरम नळाचा पाइप हाताला आधी गरम लागतो, मग अचानक गार होतो.

हे पान मी प्लंबरच्या हातात दिलं. ते वाचून तो गच्चीवर गेलाच नाही. म्हणाला, टाकीत दोष असता तर दोन्हीकडे थंड आलं असतं. डावीकडच्या उभ्या लाइनवर कुठेतरी थंड पाणी गरम लाइनीत शिरतंय. मग तो डावीकडची बाथरूम एकेक पाहत खाली आला. पहिल्या मजल्यावर सापडलं. तिथे कोणीतरी गरम-थंड मिसळणाऱ्या नळाला रबरी नळी जोडली होती आणि नळीच्या टोकाला बंद करायचा खटका होता. मुली दोन्ही चाव्या उघड्या ठेवून फक्त टोकाचा खटका बंद करत. बाहेर पाणी दिसत नाही, म्हणून नळ बंद आहे असं वाटतं. पण आत दोन्ही लाइनी एकमेकींना जोडल्या गेलेल्या असतात. थंड लाइनीवर पंपाचा दाब, गरम लाइन नुसत्या टाकीच्या उताराने येणारी. मग थंड पाणी सरळ गरम लाइनीत चढतं आणि वरच्या मजल्यांवर तेच येतं. परत जाणारं पाणी अडवायचा जो व्हॉल्व्ह गरम लाइनीवर असायला हवा, तो होता, पण क्षार साचून उघडाच अडकलेला. नळी काढली, दोन व्हॉल्व्ह बदलले, दीड तासाचं काम. दुपारी सगळं ठीक दिसायचं, कारण दुपारी पंप बंद असतो. थंड लाइनीला दाबच नसतो.

एकशे चाळीस मेसेजांनी जे झालं नाही ते चार ओळींनी झालं. त्या मुलीला प्लंबिंग येत नव्हतं. तिने फक्त कुठे, केव्हा, किती, शेजारी काय आणि तिला काय वेगळं वाटलं ते लिहिलं. मला अशी तक्रार हवी आहे. ‘आज डाळ बेकार’ यावर मी मेसच्या मावशींना काय सांगू? ‘रविवारी रात्रीची डाळ, नऊनंतर जेवायला आलेल्या आम्हा सहाजणींना आंबट लागली, आठला जेवलेल्यांना नाही’ असं लिहिलंत, तर मला कळतं की पातेलं गॅसवरून उतरवून किती वेळ ठेवलं ते विचारायचं आहे. जेवणात काही सापडलं तर ताट धुऊ नका, तसंच मावशींना दाखवा आणि माझ्याकडे घेऊन या. फोटो काढा, पण ताटही ठेवा.

तक्रारीची नवी वही ऑफिसच्या खिडकीत ठेवली आहे. पानांना नंबर आहेत आणि खाली कार्बन आहे. वरची प्रत माझी, खालची फाडून तुम्ही न्यायची, तिच्यावर माझी सही आणि तारीख. मी दोन दिवसांत लिहून कळवेन, काम झालं किंवा का झालं नाही आणि केव्हा होईल. दोन दिवसांत माझं काही लिहिलेलं आलं नाही, तर ती प्रत समितीच्या प्रतिनिधीकडे द्या. ती दर सोमवारी माझ्यासमोर बसून अशा सगळ्या प्रती मला दाखवेल. ग्रुपवर टाकायला आता बंदी नाही, पण ग्रुपवरच्या मेसेजला मी तक्रार मानणार नाही, कारण तो वर सरकून जातो आणि तो पाहिला की नाही यावरून पुढे आपलंच भांडण होतं. नाव द्यायचं नसेल तर जिन्याखालच्या पेटीत टाका. पेटीला दोन कुलपं आहेत, एक किल्ली माझ्याकडे, एक प्रतिनिधीकडे. एकटी मी ती उघडू शकत नाही. निनावी तक्रारीला लेखी उत्तर मिळणार नाही, उत्तर फळ्यावर लागेल.

तक्रार माझ्याविरुद्ध असेल तर या वहीत लिहू नका. मीच मला दोन दिवसांत उत्तर देणार, हा कारभार हास्यास्पद होईल. महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे तिने पंधरा कामाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. समितीतल्या प्राध्यापकांची नावं ऑफिसच्या दारावर लावली आहेत. मला विचारायची गरज नाही.

आणि कोणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, पाठलाग केला, मेसेजवरून छळलं, तो माणूस कामगार असो, प्राध्यापक असो, विद्यार्थी असो, तर ती गोष्ट या वहीत, पेटीत किंवा ग्रुपवर मुळीच नको. त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायचं असतं, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तुमचं नाव गुप्त ठेवणं तिला बंधनकारक आहे. कार्बनच्या वहीत ते राहणार नाही. लिहायला हात चालत नसेल तर माझ्याकडे या, मी सोबत बसेन, पण काय लिहायचं ते सांगणार नाही. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा देशभराचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. सीनियर मुलींनी ‘ओळख परेड’ हा शब्द आपल्या गच्चीवर पुन्हा वापरला, तर मी या पत्रातली सगळी मवाळ भाषा विसरेन.

रविवारी सकाळी दहाला मेसमध्ये भेटू. गेटच्या वहीचे नवे रकाने कसे छापायचे ते तिथे ठरवू, छापखान्याला सोमवारी द्यायचे आहेत. पेटीची दुसरी किल्ली कोणाकडे राहणार तेही तुम्ही ठरवून या. आणि ज्या मुलीने पेन्सिलीने लिहिलं, तिने पुढे यायची गरज नाही. फक्त पाचव्या नियमाखाली, कपडे वाळत घालण्याच्या दोरीच्या, तिने काहीच का लिहिलं नाही, याचं मला नवल वाटतं. तो तर सगळ्यात अडाणी नियम होता.

तुमची,
रेक्टर